दही, योगर्ट, ताक आणि 'प्रोबायोटिक': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी काही वर्षं एका डेअरीच्या प्रयोगशाळेत होतो. दह्यातले जिवाणू मोजणं हे तिथलं रोजचं काम. त्यामुळे नातेवाइकांपासून सोसायटीतल्या शेजाऱ्यांपर्यंत सगळे दह्याबद्दल विचारत असतात. त्यातले वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

दही आणि योगर्ट हे एकच ना? एक मराठी शब्द, एक इंग्रजी?

नाही. दोन्ही दुधाचेच, दोन्ही जिवाणूंनी आंबवलेले, पण आत कोण बसलंय ते वेगळं.

योगर्ट म्हणवून घ्यायचं तर त्यात ठरलेले दोन जिवाणू लागतात: स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. आंतरराष्ट्रीय अन्नमानकात आणि आपल्याकडच्या नियमांतही योगर्टची ओळख याच जोडीवर ठरते. दोघांनाही ऊब आवडते. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर ठेवलं की चार-पाच तासांत दूध घट्ट होतं. आणि ही जोडी खरोखर जोडीनं काम करते. बल्गेरिकस दुधातली प्रथिनं फोडून थर्मोफिलसला खाऊ पुरवतो आणि थर्मोफिलस फॉर्मिक आम्ल व कार्बन डायऑक्साइड तयार करून बल्गेरिकसची वाढ सुकर करतो. एकेकटे ठेवले तर दोघंही रेंगाळतात.

घरच्या दह्यात असा ठराव नसतो. कालचं दही आजचं विरजण, आजचं उद्याचं. त्यात बहुधा लॅक्टोकॉकस लॅक्टिस असतो, ल्युकोनॉस्टॉक असतो, कुठे थर्मोफिलस, कुठे निरनिराळे लॅक्टोबॅसिलस, बऱ्याचदा थोडी यीस्टही. ही मंडळी तीस अंशांच्या आसपास, ओट्यावर झाकून ठेवलेल्या पातेल्यातही सुखानं वाढतात, म्हणून दही लागायला रात्र लागते. तुमच्या घरच्या दह्यात नेमके कोण आहेत हे तुम्हाला माहीत नसतं, मलाही नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्यावरच सगळं अडणार आहे.

पण चवीला फरक कळतो का?

कळतो, आणि घरी करून बघता येतो. अर्धा लिटर दूध उकळून दोन भाग करा. एक भाग कोमट झाल्यावर घरचं विरजण लावून ओट्यावर ठेवा. दुसऱ्यात साध्या, बिनसाखरेच्या योगर्टचा चमचाभर घालून भांडं गरम पाण्याच्या थर्मोकोल डब्यात ठेवा, पाणी बेचाळीस अंशांच्या आसपास राहील असं बघा.

योगर्ट आधी लागेल. चमच्यानं कापलं तर कड धारदार येते आणि वास हिरव्या सफरचंदासारखा, थोडा बोचरा. हा अ‍ॅसिटाल्डिहाइडचा वास, बल्गेरिकसची सही म्हणा. घरचं दही सकाळी उघडा. ते जरा मऊ लागेल आणि चांगलं जमलं असेल तर लोण्यासारखा मंद वास येईल. तो डायअ‍ॅसिटिलचा. हे काम ल्युकोनॉस्टॉक आणि लॅक्टोकॉकसमधल्या काही प्रकारांचं. कोकणातल्या एखाद्या घरी जेवताना 'दह्याला काय वास आहे' असं आपण म्हणतो, तेव्हा दाद बहुतेक या मंडळींना जाते.

दही लागतं म्हणजे आत नक्की काय होतं?

जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खातात आणि लॅक्टिक आम्ल टाकतात. दुधाचा पीएच साडेसहाच्या वर असतो, तो खाली सरकत जातो. ४.६ च्या आसपास आला की केसिन प्रथिनाचे कण एकमेकांना दूर ढकलायचं थांबवतात, चिकटतात आणि जाळं विणतात. त्या जाळ्यात पाणी आणि स्निग्धांश अडकून बसतात. यालाच आपण दही म्हणतो. अधमुरं दही म्हणजे हे जाळं अर्धवट विणलेलं असताना केलेली घाई.

दूध उकळून घ्यायचं ते केवळ जंतू मारायला नाही. नव्वद अंशांच्या आसपास दुधातली दुसरी प्रथिनं उलगडतात आणि केसिनला चिकटतात, त्यामुळे जाळं पाणी धरून ठेवतं. नुसतं कोमट करून विरजलेलं दूध लागतं, पण त्याला लवकर पाणी सुटतं.

घरच्या दह्यात खरंच जिवंत जिवाणू असतात का? किती?

भरपूर. मोजायचं कसं ते सांगतो, म्हणजे 'कोटी' या शब्दाची भीती जाईल.

एक ग्रॅम दही नऊ मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात हलवायचं. हे झालं दहापट पातळ. त्यातलं एक मिलिलिटर पुन्हा नऊ मिलिलिटरमध्ये, असं एकूण सहा वेळा. शेवटच्या नळीतलं पाणी मूळ दह्याच्या दहा लाखपट पातळ. त्यातलं एक मिलिलिटर थाळीत घालून वर जिवाणूंना पोसणारी जेली ओतायची आणि दोन-तीन दिवस उबेत ठेवायची. प्रत्येक जिवंत पेशी वाढून एक ठिपका उठतो. समजा ८५ ठिपके मोजले. म्हणजे एका ग्रॅम दह्यात ८५ गुणिले दहा लाख, अर्थात साडेआठ कोटी. शंभर ग्रॅमच्या वाटीत ८५० कोटी.

हा उदाहरणाचा आकडा आहे, पण ताज्या, नीट लागलेल्या दह्यात तो चमत्कारिक वाटू नये असा. योगर्टच्या आंतरराष्ट्रीय मानकात ग्रॅमला किमान एक कोटी लागतात.

मग हे प्रोबायोटिक नाही तर काय?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. प्रोबायोटिकची जगभर मान्य झालेली व्याख्या २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी केली. थोडक्यात, पुरेशा प्रमाणात घेतल्यावर शरीराला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. त्यात तीन अटी आहेत: जिवंत हवेत, पुरेसे हवेत आणि फायदा दाखवलेला हवा. घरचं दही पहिल्या दोन अटी सहज ओलांडतं. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत प्रोबायोटिक पदार्थासाठी दिवसाच्या एका मात्रेत किमान दहा कोटी जिवंत जिवाणू मागितले आहेत. वरच्या हिशेबात वाटीभर दही त्याच्या ८५ पट पुढे.

ते अडतं तिसऱ्या अटीवर. फायदा दाखवायचा कुणाचा? ठरावीक स्ट्रेनचा. स्ट्रेन म्हणजे जातीतलं एखादं नेमकं घराणं. जात सारखी असली तरी घराणी किती वेगळी वागतात याचं उत्तम उदाहरण दह्याबाहेरचं आहे. ई. कोलाय ही एकच जात. तिचं ओ१५७ हे घराणं रक्ताचे जुलाब लावतं, माणूस दगावूही शकतो. त्याच जातीचं निस्ल १९१७ हे घराणं जर्मनीत प्रोबायोटिक औषध म्हणून विकलं जातं. अल्फ्रेड निस्ल या डॉक्टरनं ते पहिल्या महायुद्धाच्या काळात एका सैनिकाच्या विष्ठेतून वेगळं केलं. आजूबाजूचे सैनिक जुलाबांनी हैराण होते, हा ठणठणीत होता.

म्हणून 'दह्यात लॅक्टोबॅसिलस असतो आणि लॅक्टोबॅसिलस प्रोबायोटिक असतो' हे गणित चुकतं. कुठला लॅक्टोबॅसिलस, कुठलं घराणं, कशावर चाचणी झाली, किती दिली, हे सगळं लागतं. २०११ मध्ये आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागानं आपल्याकडची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही भर स्ट्रेनच्या ओळखीवर आहे. तुमच्या पातेल्यातल्या जिवाणूंना नाव-गाव नाही आणि उन्हाळ्यातली मंडळी हिवाळ्यात बदलतात. चाचणी घ्यायची कुणाची?

तेव्हा नेमका शब्द असा: घरचं दही हा जिवंत जिवाणू असलेला, आंबवलेला पदार्थ आहे. तो 'प्रोबायोटिक' म्हणून सिद्ध झालेला नाही. सिद्ध न होणं आणि निरुपयोगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या जेवणात रोज दही असतं.

आणि योगर्ट? ते तरी प्रोबायोटिक आहे का?

एका कामापुरतं, हो. दूध प्यायल्यावर ज्यांचं पोट फुगतं, गडगडतं, त्यांच्यात लॅक्टोज फोडणारं लॅक्टेज हे एन्झाइम कमी पडतं. योगर्टमध्ये जिवंत जोडी असेल तर त्यातलं लॅक्टोज अशा लोकांना बरंच चांगलं पचतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१० मध्ये हा दावा मान्य केला, अट अशी की ग्रॅमला किमान दहा कोटी जिवंत जिवाणू हवेत. दह्यातूनही असाच फायदा पुष्कळांना जाणवतो.

मौज म्हणजे हे काम जिवाणू जगून करत नाहीत. जठरातल्या आम्लातून काही पेशी निभावतात, पुढे लहान आतड्यात पित्त त्यांचं आवरण सैल करतं आणि आतलं एन्झाइम बाहेर पडतं. ते आपल्या वाटचं लॅक्टोज फोडतं. जिवाणू मरता मरता उपयोगी पडतो.

मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाची कल्पना वेगळी होती. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या या माणसाला १९०८ मध्ये नोबेल मिळालं ते प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, पण लोकांत तो गाजला तो आंबट दुधानं आयुष्य वाढतं या मतामुळे. बल्गेरियन जिवाणू आतड्यात मुक्काम करतो असा त्याचा होरा होता. तो जिवाणू स्तामेन ग्रिगोरोव या बल्गेरियन विद्यार्थ्यानं १९०५ मध्ये जिनिव्हात शोधला होता. पुढे १९२० च्या सुमारास येल विद्यापीठात रेटगर आणि चेप्लिन यांनी तपासलं तेव्हा बल्गेरिकस आतड्यात काही वस्ती करेना. तो येतो आणि जातो.

घरच्या दह्याबाबत एक बारकावा. लॅक्टोकॉकस लॅक्टोज वेगळ्या वाटेनं फोडतो आणि त्याचं एन्झाइम आतड्यातल्या मोकळ्या लॅक्टोजवर तसं चालत नाही. त्यामुळे ज्याच्या दह्यात थर्मोफिलस जास्त, त्याला हा फायदा जास्त मिळण्याची शक्यता. अर्थात दही लागताना थोडं लॅक्टोज आधीच संपलेलं असतं, ती सवलत सगळ्यांना.

ताक आणि बटरमिल्क एकच का? ताकात पाणी घातल्यावर जिवाणू कमी होतात का?

इंग्रजी पाककृतीत 'बटरमिल्क' लिहिलं असेल तर सावध राहा. जुन्या अर्थानं ते सायीतून लोणी काढल्यावर उरलेलं पातळ. आजकाल परदेशी दुकानात मिळतं ते मात्र लोणी न काढता, कमी स्निग्धांशाच्या दुधाला लॅक्टोकॉकस, ल्युकोनॉस्टॉक लावून आंबवलेलं, दाटसर. आपलं ताक म्हणजे दह्यात पाणी घालून रवीनं घुसळलेलं. लोणी काढलं तर ते ताक, न काढता पातळ केलं तरी हल्ली ताकच म्हणतात.

पाण्यानं जिवाणू मरत नाहीत, विखुरतात. वाटीभर दह्याचे ८५० कोटी चार वाट्या ताकात केले तर मिलिलिटरला साधारण दोन कोटी होतील, पण सगळं ताक तुम्हीच प्यायलात तर ८५० कोटीच पोटात गेले. पाहुण्यांत वाटलं तर वाटणी झाली. लोण्याबरोबर जिवाणूंचा थोडाच भाग जातो, बरेचसे ताकात राहतात. मीठ, जिरं, आलं घातल्यानं लगेच फरक पडत नाही.

मग कढी?

कढीत जिवंत काही उरत नाही. दही-ताकातले जिवाणू साठ-पासष्ट अंशांपुढे काही मिनिटांतच मरायला लागतात, उकळी ही तर दूरची गोष्ट. कढी चवीसाठी प्या. ताकाला नुसती वरून फोडणी दिली तर तेवढी गरम जागा सोडता बाकीचं ताक वाचतं.

बाजारातल्या पाकिटात जिवंत आहेत की नाही कसं ओळखू?

आधी बघा ते दुकानात कुठे ठेवलंय. फ्रिजमध्ये ठेवलेलं, आठ-पंधरा दिवसांची मुदत असलेलं दही किंवा ताक बहुधा जिवंत असतं. कागदी-अ‍ॅल्युमिनियमच्या खोक्यातलं, कपाटात महिनोन्‌महिने राहणारं मसाला ताक आंबवून झाल्यावर पुन्हा गरम केलेलं असतं. नाहीतर ते एवढा काळ टिकलं नसतं. लेबलवर 'हीट ट्रीटेड', 'थर्माइज्ड' किंवा 'यूएचटी' असे शब्द दिसले तर जिवाणू गेले समजा. काही श्रीखंडांवरही ते सापडतात.

शंका असेल तर विरजून बघा. शंभर मिलिलिटर उकळून कोमट केलेल्या दुधात चमचाभर दही नीट मिसळा आणि उबेत दहा-बारा तास ठेवा. घट्ट झालं तर आत जीव आहे. याच्यापुढे हा प्रयोग काही सांगत नाही. घट्ट झालं म्हणून ते प्रोबायोटिक ठरत नाही.

लेबलवर 'प्रोबायोटिक' लिहिलं असेल तर स्ट्रेनचं पूर्ण नाव शोधा, म्हणजे जातीच्या नावापुढे अक्षरं-आकडे किंवा 'शिरोता'सारखं घराण्याचं नाव. त्याबरोबर संख्या आणि ती मुदत संपेपर्यंतची आहे का हे बघा. नुसतं 'गुड बॅक्टेरिया' लिहिलेलं असेल तर ती जाहिरात आहे.

प्रोबायोटिकच्या छोट्या बाटलीनं विरजण लावलं तर घरचं दही प्रोबायोटिक होईल?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण मीही करून बघितलंय. बाटलीतला चमचाभर द्रव कोमट दुधात घातला आणि दुसऱ्या दिवशी दूध दुधासारखंच होतं. तिसऱ्या दिवशी काहीतरी दाटलं, चव विचित्र. अशा बऱ्याच स्ट्रेन दुधात हळू वाढतात, कारखान्यात त्यांना ठरावीक तापमान आणि कित्येक दिवस मिळतात. घरच्या विरजणाबरोबर मिसळून लावलं तर घरचे चपळ जिवाणू पहिल्या काही तासांत जागा व्यापतात आणि चार-पाच वेळा विरजल्यावर पाहुणा मागे पडतो. शिवाय मोजल्याशिवाय तो राहिला की गेला हे कळायला मार्ग नाही.

परदेशात राहतो. दुकानातल्या योगर्टनं विरजण लावावं का?

लावा. डब्यावर जिवंत कल्चर असल्याचं लिहिलेलं हवं, साखर आणि फळं नकोत. योगर्टची जोडी ऊब मागते. तुमचं स्वयंपाकघर अठरा अंशांचं असेल तर ओट्यावर ती झोपून जाईल. बंद ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून ठेवणं किंवा भांडं कोमट पाण्याच्या डब्यात ठेवणं, दोन्ही चालतं. एक लिटरला दीड-दोन चमचे पुरतात. जास्त विरजणानं दही लवकर आंबतं आणि दाणेदार होतं. वरचेवर विरजत राहिलात की त्या जोडीचं आपसातलं प्रमाण सरकत जातं, म्हणून काही आठवड्यांनी चव बदलली तर नवीन डबा आणा.

अँटिबायोटिक चालू आहे, दही खाऊ का?

खा, पण सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि टेट्रासायक्लिन गटातल्या गोळ्यांसोबत नको. दुधातलं कॅल्शियम त्या औषधांना धरून ठेवतं आणि औषध रक्तात कमी पोचतं. किती तासांचं अंतर ठेवायचं ते गोळीप्रमाणे बदलतं, डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारा. अँटिबायोटिकनं होणाऱ्या जुलाबांवर ज्यांची चाचणी झाली ती लॅक्टोबॅसिलसचं एलजीजी हे घराणं किंवा सॅकरोमायसिस बुलार्डी ही यीस्ट अशी नावाची मंडळी, वाटीभर दही नव्हे. प्रतिकारशक्ती फारच खालावलेली असेल, केमोथेरपी चालू असेल, तर घरचं दहीसुद्धा डॉक्टरांना विचारून.

विरजण बिघडलंय हे कशावरून कळतं?

दह्याला तार सुटली तर घाबरू नका. काही लॅक्टोकॉकस थंडीत चिकट शर्करा बनवतात, म्हणून चमच्याला धागा येतो. खायला चालतं, पण त्याचं विरजण ठेवलं तर पुढचंही तसंच होणार.

दह्यात बुडबुडे, भेगा, पिठासारखा आंबूस वास आला तर यीस्ट किंवा कोलिफॉर्म हे नको असलेले जिवाणू घुसलेत. ते फेका. वर गुलाबी, केशरी, काळे डाग दिसले तर चमच्यानं डाग काढून उरलेलं खाण्याचा मोह नको, सगळंच टाका.

आणि दूध सकाळीही पातळच असेल तर थंडी हे पहिलं कारण, फार गरम दुधात विरजण घातलं हे दुसरं. करंगळी बुडवून दहा आकडे मोजता आले पाहिजेत. तिसरं कारण डेअरीतल्यांना छळणारं: जिवाणूंना मारणारे विषाणू, म्हणजे फाज. कारखान्यात एकाच घराण्याचं कल्चर असलं की एका फाजनं अख्खी टाकी रात्रीत पातळ राहते. मी तशी एक सकाळ पाहिली आहे. हजारो लिटर दूध, पीएच सहावर अडकलेला, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. घरच्या विरजणात दहा घराणी असतात, एक पडलं तर दुसरं काम उचलतं. त्यामुळे आजीचं विरजण वर्षानुवर्षं चालतं आणि कारखान्याला कल्चर आलटून पालटून वापरावं लागतं.